क्विअर मित्राचा रोजचा हिशेब आणि त्यातला आपला वाटा

सोमवारी सकाळी कार्यालयात कोणीतरी सहज विचारते, "मग, शनिवार-रविवार काय केलंस?" बहुतेकांना या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नाही. आपल्या जोडीदारासोबत अलिबागला जाऊन आलेल्या समलिंगी मित्राला मात्र त्या एका क्षणात बराच हिशेब करावा लागतो. विचारणाऱ्याला काय ठाऊक आहे, शेजारच्या खुर्चीवरच्या व्यक्तीला काय ठाऊक आहे, गेल्या महिन्यात आपण काय सांगितले होते आणि आता सांगायचे ते त्याच्याशी जुळते का, हे सारे तो उत्तर देण्याआधी मनात तपासून घेतो. मराठीत ही कसरत अधिकच अवघड होते. "जोडीदार" म्हणून वेळ मारून न्यावी म्हटले, तरी पुढचे क्रियापद "म्हणाला" की "म्हणाली" हे ठरवावेच लागते आणि तिथे सगळे उघड होते.

"माझा तुला पूर्ण पाठिंबा आहे" हे वाक्य ऐकून मित्राला बरे वाटते, परंतु त्याच्या डोक्यातला हिशेब त्याने थांबत नाही. समलिंगी, पारलिंगी आणि अशा इतर, म्हणजेच क्विअर मित्रमैत्रिणींचा तो भार आपण रोज थोडा थोडा कसा उचलू शकतो, एवढ्यापुरताच हा लेख आहे. पुण्यातील खाजगी नोकरीची बारा वर्षे आणि त्या काळात जवळून पाहिलेली चार-पाच माणसे हा माझा अनुभव आहे. खेड्यातली किंवा सरकारी कार्यालयातली परिस्थिती काही बाबतींत वेगळी असेल.

सुरुवात : कोणाला काय ठाऊक आहे, हे आधी विचारून घ्यावे

मित्र आपल्याला विश्वासात घेतो तेव्हा आपण आनंदाने, कधी डोळ्यांत पाणी आणून त्याला मिठी मारतो आणि विषय तिथेच राहतो. खरे तर त्याच दिवशी, किंवा तो फार भावूक झाला असेल तर दोन दिवसांनी, त्याला काही साधे प्रश्न विचारायला हवेत. घरी कोणाला माहीत आहे? कार्यालयात कोणाला? आपल्या दोघांच्या ओळखीच्यांपैकी कोणाकोणाला? आणि कोणी मला थेट विचारले, तर मी काय सांगावे अशी तुझी इच्छा आहे?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो. मित्राची आई फोन करून म्हणते, "बाळा, तू त्याच्या एवढ्या जवळचा, कोणी मुलगी आहे का रे त्याच्या मनात? आम्ही स्थळं बघायला सुरुवात करतोय." तयारी नसेल, तर आपण गडबडून "नाही काकू… म्हणजे… तुम्ही त्यालाच विचारा" असे काहीतरी बोलतो. त्या अडखळण्यावरूनच काकूंना शंका येते. उत्तर आधी ठरलेले असेल, तर आपण सहज म्हणू शकतो, "काकू, त्याच्या लग्नाचं मी काय सांगणार? तो सध्या नको म्हणतो, एवढं मला माहीत आहे." हे वाक्य खोटे नाही आणि त्यातून काही फुटतही नाही.

ही उत्तरे लक्षात ठेवावीत. ती मोबाइलमध्ये लिहून ठेवू नयेत आणि त्याविषयी व्हॉट्सॲपवर बोलू नये, कारण मित्राचा फोन घरी आणखी कोणाच्या हातात जातो हे आपल्याला ठाऊक नसते. काही महिन्यांनी "अजून तसंच आहे ना?" असे पुन्हा विचारावे. बहिणीला सांगून झालेले असते, पण ती बहीण आता आई-वडिलांजवळ राहायला आलेली असते, असे बदल होत राहतात. प्राइड मोर्चातील किंवा घरगुती वाढदिवसातील छायाचित्रांसाठीही हाच नियम पाळावा. त्यात दिसणाऱ्या प्रत्येकाला विचारल्याशिवाय ते स्टेटसवर टाकू नये. मागे उभी असलेली, आपल्या ओळखीचीही नसलेली व्यक्ती त्या छायाचित्रामुळे आपल्या घरच्यांसमोर उघडी पडू शकते.

माझ्या हातून इथेच एक मोठी चूक झाली होती. आमच्या गटातील वरिष्ठ माझ्या मित्राला दर आठवड्याला लग्नाविषयी छेडत असत. त्याला त्यातून सोडवावे म्हणून मी त्यांना बाजूला घेऊन सांगितले, "सर, त्याला लग्नाचं विचारत जाऊ नका, त्याचा विषय जरा वेगळा आहे." मी "समलिंगी" हा शब्द उच्चारला नव्हता, पण सरांना जे समजायचे ते समजले आणि पंधरा दिवसांत अर्ध्या मजल्याला समजले. मित्राने दुसऱ्या प्रकल्पावर बदली मागून घेतली. आपण दिलेला इशारा हाही बोभाटाच असतो, हे मला तेव्हा कळले. मला फक्त एवढेच म्हणायला हवे होते, "सर, लग्नाचे प्रश्न मलाही आवडत नाहीत. आपण सगळ्यांनीच ते टाळूया." असे बोलल्याने विषय माझ्यावर आला असता आणि मित्राकडे कोणाचे लक्षही गेले नसते.

बोलण्याची सवय : मराठी क्रियापदे कशी वापरावीत

इंग्रजीत हा प्रश्न "ही", "शी", "दे" या सर्वनामांपाशी संपतो. आपल्या भाषेत क्रियापद आणि विशेषण ही दोन्ही लिंगानुसार बदलतात, त्यामुळे केवळ सर्वनाम सांभाळून भागत नाही. मात्र मराठीत लिंग न सांगता बोलण्याच्याही पुष्कळ वाटा आहेत आणि त्या आपल्या रोजच्या बोलण्यात आधीपासूनच आहेत.

"तू आलास" किंवा "तू आलीस" म्हणताना लिंग ठरवावे लागते, पण "तुम्ही आलात" म्हणताना ते ठरवावे लागत नाही. "तू जेवलास का?" याऐवजी "जेवण झालं का?" असे आपण एरवीही विचारतोच. "तू कधी निघणार?", "तू चहा घेणार का?" ही भविष्याची रूपे सर्वांना सारखीच लागू पडतात. "तू अहवाल पाठवलास का?" यातील क्रियापद अहवालाप्रमाणे चालते, त्यामुळे तेही सर्वांसाठी एकच राहते. तिसऱ्या व्यक्तीविषयी बोलताना "त्यांनी सांगितलं", "त्यांना विचारा" ही आदरार्थी रूपे उपयोगी पडतात. "ते आले" की "त्या आल्या" असा पेच आला, तर "त्यांचं येणं झालं" असे ओढूनताणून बोलण्यापेक्षा सरळ नाव घेऊन वाक्य बदलावे.

ही रूपे प्रामुख्याने दोन ठिकाणी वापरावीत. समोरची व्यक्ती स्वतःचा उल्लेख कसा करते हे अजून माहीत नसेल, हे पहिले ठिकाण. नव्या सहकाऱ्याशी घरच्यांविषयी बोलण्याचा प्रसंग, हे दुसरे. "बायको काय करते?" याऐवजी "घरी कोण कोण असतं?" असा प्रश्न सर्वांना विचारण्याची सवय लावून घ्यावी. फक्त ज्याच्याविषयी शंका आहे त्यालाच असे विचारले, तर त्या वेगळेपणातूनच त्याला शंका कळते.

व्यक्तीने आपले लिंग स्पष्टपणे सांगितले असेल, तेव्हा मात्र तटस्थ रूपांच्या आड लपू नये. आमच्याकडील एका सहकारी स्त्रीने, जिला सर्वजण आधी पुरुष म्हणून ओळखत होते, एकदा मला सांगितले, "सगळे मला अचानक 'तुम्ही' म्हणायला लागलेत. त्यांना 'ती' म्हणायचं नाहीये, म्हणून हा सगळा आदर आहे." तिला "ती आली", "ती दमलेली दिसते" हे ऐकायचे होते. त्याची सवय करण्याचा एक उपाय मला उपयोगी पडला. घरी एकट्याने, तिच्याविषयीची एखादी जुनी हकीकत मोठ्याने भूतकाळात सांगायची : ती मुलाखतीला आली होती, घाबरलेली होती, पहिल्याच दिवशी उशिरा पोहोचली. भूतकाळात क्रियापदे आणि विशेषणे सतत बदलावी लागतात, त्यामुळे जीभ जिथे अडखळते ती जागा लगेच सापडते. तिचे पूर्वीचे दिवस आठवतानाही "तेव्हा तो" असे म्हणू नये.

चुकले तर तिथल्या तिथे दुरुस्त करावे आणि पुढे जावे : "तो म्हणा… ती म्हणाली की बैठक चार वाजता आहे." पाच मिनिटे क्षमा मागत बसलो, तर आपली समजूत घालण्याचे काम तिच्यावर येते. जाता जाता आणखी एक सांगतो. कोल्हापूरकडच्या अनेक मुली "मी जातो", "मी आलो" असे सर्रास बोलतात, तेव्हा कोणाच्या क्रियापदावरून तिच्याविषयी अंदाज बांधत बसू नये. शंका असेल तर एकांतात विचारावे, "तुझ्याविषयी बोलताना मी कसं बोलू?" आणि पुढे हेही विचारावे, "सगळ्यांसमोरही तसंच बोलू का?" ही दोन उत्तरे वेगवेगळी असू शकतात.

जेवणाच्या टेबलावरचा विनोद

"बायल्या", "छक्का", "मीठा" हे शब्द कार्यालयातील गप्पांत किती सहज येतात, ते लक्ष देऊन ऐकल्याशिवाय जाणवत नाही. अशा वेळी आपली प्रतिक्रिया तत्काळ, लहान आणि शांत असावी. "हा शब्द नको" एवढे म्हणून त्याच सुरात कामाचा विषय पुढे न्यावा. कोणी म्हणालेच, "अरे, गंमत केली, इथे कोण आहे तसं?" तर "कोणी असो-नसो, मला तो शब्द आवडत नाही" असे उत्तर द्यावे. या उत्तरात "मला" हा शब्द हवा. "आपल्यात कोणी असेलही" असे म्हटले की सगळे टेबल मनात एकेकाला तपासू लागते.

अशा क्षणी क्विअर मित्राकडे अजिबात पाहू नये. मी पूर्वी त्याला धीर द्यावा म्हणून नकळत त्याच्याकडे पाहत असे. नंतर त्याने सांगितले, की विनोदापेक्षा त्याला त्या नजरेचीच जास्त भीती वाटते.

बोलणारी व्यक्ती वरिष्ठ असेल, तर सर्वांसमोर न बोलता त्याच दिवशी एकट्याने भेटून सांगणे अधिक परिणामकारक ठरते, कारण चारचौघांत अडलेला वरिष्ठ माघार घेत नाही. तेही शक्य नसेल, तर निदान हसू नये. प्रतिसाद न मिळालेला विनोद सहसा दुसऱ्यांदा येत नाही. संध्याकाळी मित्राला "बरं वाटतंय का?" असा लांबलचक संदेश पाठवण्याऐवजी चहाला न्यावे आणि त्या विषयावर बोलायचे की नाही, हे त्याच्यावर सोडावे.

कार्यालयातील कागद

विनोद थांबवणे हे दिसणारे काम आहे. त्याहून टिकाऊ काम कार्यालयाच्या धोरणांत असते आणि ते क्विअर नसलेल्या कर्मचाऱ्याने केलेले अधिक चांगले. कारण "जोडीदाराला विमा मिळतो का?" हा प्रश्न क्विअर व्यक्तीने विचारला, की तिने स्वतःविषयीच सांगितल्यासारखे होते. मी विचारला, तर तो एका कर्मचाऱ्याचा साधा प्रश्न राहतो.

काय मागता येईल हे कळण्यासाठी कायद्याची थोडी माहिती असावी. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत असा निर्णय दिला. त्याने गुन्ह्याचा शिक्का गेला, परंतु खाजगी नोकरीत लैंगिक कलावरून भेदभाव करू नये असे स्पष्टपणे सांगणारा स्वतंत्र कायदा त्यातून झाला नाही. पारलिंगी, म्हणजे जन्माच्या वेळी ठरवलेले लिंग आपले न मानणाऱ्या व्यक्तींसाठी 2019 चा कायदा आहे. त्यात नोकरीतील भेदभावाला मनाई आहे आणि प्रत्येक आस्थापनेने अशा तक्रारींसाठी एक तक्रार अधिकारी नेमावा असे म्हटले आहे. आपल्या कार्यालयात ती व्यक्ती कोण आहे, हे मनुष्यबळ विभागाला ईमेलने विचारावे. आमच्याकडे विचारले तेव्हा असे कोणी नेमलेलेच नाही हे उघड झाले आणि त्या एका ईमेलमुळे पुढील महिन्यात नेमणूक झाली.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा 2013 चा कायदा तक्रारदार म्हणून स्त्रीचाच विचार करतो. समलिंगी पुरुषाचा छळ झाला, तर त्या कायद्याखालील समितीकडे त्याची तक्रार बसत नाही. मात्र कंपनी आपल्या अंतर्गत धोरणात "कोणतीही व्यक्ती" असे शब्द घालून हे संरक्षण सर्वांना देऊ शकते. आपल्या धोरणाची प्रत काढून तक्रारदाराची व्याख्या वाचावी. ती फक्त स्त्रीपुरती असेल, तर नेमका कोणता शब्द बदलावा हे लिहून द्यावे. मोघम मागणी फाईलमध्ये पडून राहते, नेमका शब्द दिला तर त्यावर कोणाला तरी होय किंवा नाही म्हणावे लागते.

गट आरोग्य विम्याची मागणी वेळेवर करावी लागते. ही पॉलिसी दरवर्षी नूतनीकरणाला येते आणि अटींवर बोलणी त्याच्या आधी होतात. म्हणून नूतनीकरणाच्या दोन-तीन महिने आधी मनुष्यबळ विभागाला सांगावे, की "पती किंवा पत्नी" या व्याख्येत "जोडीदार" समाविष्ट करता येईल का, हे विमा कंपनीला विचारा. काही कंपन्यांनी भारतात हे केलेले आहे. मान्यता मिळाली तरी काम संपत नाही. अवलंबितांची यादी कोणाकोणाला दिसते, दाव्याची पत्रे घरच्या पत्त्यावर जातात का, वरिष्ठाच्या मंजुरीची गरज लागते का, हे तपासावे. वरिष्ठाच्या पडद्यावर जोडीदाराचे नाव येणार असेल, तर ती सुविधा कोणीही वापरणार नाही आणि वर्षअखेरीस "मागणीच नव्हती" असे सांगितले जाईल. कुटुंबातील मृत्यूनंतरच्या रजेची व्याख्याही याच वेळी वाचून घ्यावी.

नाव बदललेल्या पारलिंगी सहकाऱ्याच्या बाबतीत एक फरक ठाऊक असावा. पगार, पॅन आणि भविष्य निर्वाह निधी यांसाठी कागदोपत्री नाव जुळावे लागते, त्यामुळे ते कागद होईपर्यंत तिथे जुने नाव राहते. ईमेलवर दिसणारे नाव, ओळखपत्र, बैठकीच्या यादीतील नाव आणि बसण्याच्या जागेवरची पाटी यांना मात्र असे कोणतेही बंधन नसते. संगणक विभागाने एका ठिकाणी बदल केला, तरी दुसऱ्या प्रणालीत जुने नाव राहते आणि ग्राहकासोबतच्या बैठकीत ते पडद्यावर झळकते. बदल झाल्याचे कळल्यावर तिच्यासोबत बसून एक खोटी बैठक लावावी, एक ईमेल पाठवावे, प्रवेशद्वारावर नाव विचारून पाहावे. या तपासणीला अर्धा तास लागतो आणि तिचा एखादा लाजिरवाणा प्रसंग टळतो. बाहेरगावच्या कामासाठी दोघांत एक खोली देण्याची पद्धत असेल, तर सर्वांनाच कारण न विचारता स्वतंत्र खोली मागता यावी असा पर्याय सुचवावा.

रुग्णालयातील एक रात्र

आता एक प्रसंग तपशिलाने सांगतो, कारण वरच्या सर्व गोष्टी त्यात एकत्र आल्या. माझ्या मित्राचा रात्री साडेनऊच्या सुमारास दुचाकीवर अपघात झाला. पाय मोडला होता, शुद्ध होती. त्याचा जोडीदार, ज्याच्यासोबत तो सहा वर्षे राहत होता, त्याला घेऊन रुग्णालयात गेला. खिडकीवर पहिला प्रश्न आला, "पेशंटचे कोण तुम्ही?" तो म्हणाला, "मित्र." त्यावर, "नातेवाइकांना बोलवा, सही लागेल." त्याने मला फोन केला. मित्राचे आई-वडील साताऱ्याजवळ राहतात. ते निघाले तरी अडीच-तीन तास लागणार होते.

तिथे पोहोचल्यावर मी डॉक्टरांना भेटून एकच मुद्दा मांडला : रुग्ण प्रौढ आहे आणि शुद्धीवर आहे, तेव्हा संमती त्याचीच घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात हेच स्पष्ट केले आहे, की निर्णय घेण्यास सक्षम असलेल्या प्रौढ रुग्णाची स्वतःची संमती आवश्यक आहे आणि दुसऱ्याने दिलेली संमती तिची जागा घेऊ शकत नाही. खटल्याचे नाव घेण्याची वेळ आली नाही. "डॉक्टर, तो स्वतः सही करू शकतो, कृपया त्यालाच विचारा" एवढ्यानेच काम झाले. मित्राने सही केली आणि डॉक्टरांसमोर सांगितले, की माझ्या प्रकृतीविषयी यांना सर्व काही सांगा. मी डॉक्टरांना विनंती करून ते वाक्य केसपेपरवर लिहून घेतले. पाळी बदलल्यावर आलेल्या नव्या डॉक्टरांना तोंडी सांगितलेले माहीत नसते, म्हणून ते लिहून घेणे महत्त्वाचे ठरले.

त्यानंतर मी मित्राच्या कानाशी वाकून विचारले, "काका-काकू येतायत. त्यांना काय सांगायचं?" तो म्हणाला, "रूममेट. अजून तेवढंच." ते त्याचे म्हणणे होते आणि तिथे वाद घालण्याचा मला अधिकार नव्हता. मग आम्ही कामे वाटून घेतली. जोडीदाराने रात्री जवळ थांबायचे आणि सकाळी काकू आल्या की मी त्यांना नाश्त्याला न्यायचे, म्हणजे त्या दोघांना अर्धा तास एकांत मिळेल. काकूंनी विचारले, "हा मुलगा रात्रभर जागला का रे?" मी म्हणालो, "हो काकू, तोच घेऊन आला, तोच जागला. फार सांभाळतो तो त्याला." मी नाते सांगितले नाही, पण त्याचे कष्ट लपवले नाहीत. जोडीदाराचे श्रेय पुसून टाकणे ही अशा प्रसंगातील दुसरी चूक असते आणि चांगल्या हेतूनेच ती होते.

सर्वांत अवघड गोष्ट चौथ्या दिवशी आली. घरी नेताना आई-वडील "आम्ही आठ दिवस तुमच्याकडेच राहतो" असे म्हणाले. त्या घरात झोपण्याची खोली एकच होती. जोडीदार त्या आठवड्यात माझ्याकडे राहिला आणि रोज संध्याकाळी "रूममेट" म्हणून त्याला भेटायला गेला. ज्याला या काळात सर्वांत जास्त आधार हवा होता, तो जोडीदार होता आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. आजारपणात मित्राला भेटायला जाणारे अनेक असतात, म्हणून जोडीदाराच्या जेवणाची आणि झोपेची चौकशी कोणीतरी ठरवून करावी.

पाकीट

त्या आठवड्यानंतर आम्ही तिघांनी बसून एक पाकीट तयार केले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, त्यामुळे ही सोय वेगवेगळ्या कागदांतून तुकड्या-तुकड्यांनीच करावी लागते. मित्राला स्वतःच्याच संकटाची यादी करत बसण्याचा उत्साह नसतो, म्हणून एखाद्या रविवारी "चल, आज हे संपवू" असे म्हणून हे काम पुढे नेणे सोबतीच्या माणसाला जमते.

बँकेपासून सुरुवात करावी, कारण ते सर्वांत सोपे आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले, की क्विअर व्यक्तींना संयुक्त खाते उघडण्यास आणि खात्यावर जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही. शाखेत हे माहीत नसण्याची शक्यता धरून त्या स्पष्टीकरणाची छापील प्रत सोबत न्यावी. शाखेत शक्यतो आपणही जावे, कारण तिसरी व्यक्ती सोबत असली की खिडकीवरचा आवाज खाली राहतो.

नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हे मात्र समजून घ्यावे. नामनिर्देशित व्यक्तीला बँक पैसे देते, परंतु कायदेशीर वारस त्यावर हक्क सांगू शकतात. म्हणून मृत्युपत्र हवे. ते साध्या कागदावर करता येते, मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, पण दोन साक्षीदार लागतात आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यांनी साक्षीदार होऊ नये. इथे आपला थेट उपयोग आहे. वयाने लहान, निरोगी आणि पुढे न्यायालयात उभा राहण्याची तयारी असलेला साक्षीदार मिळणे सोपे नसते. मी सही केली तेव्हा मित्राच्या घरच्यांसमोर एक दिवस हे मला सांगावे लागेल, याचा विचार करूनच केली.

भविष्य निर्वाह निधीची गोष्ट वेगळी आहे. नियमानुसार सदस्याला कुटुंब असेल, तर नामनिर्देशन कुटुंबातील व्यक्तीच्याच नावे करावे लागते आणि त्या व्याख्येत अवलंबून असलेले आई-वडील येतात, जोडीदार येत नाही. तिथे वाट शोधण्यात वेळ न घालवता इतर बचतीतून जोडीदाराची तरतूद करावी. मुखत्यारपत्रावरही फार विसंबू नये, कारण ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. मानसिक आरोग्य सेवेसाठी मात्र 2017 च्या कायद्याने चांगली सोय केली आहे. कोणतीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकते आणि तो नातेवाईकच असावा असे बंधन नाही. घरच्यांनी "बरे करून घेण्यासाठी" जबरदस्तीने उपचार करण्याची भीती असेल, तर हा कागद विशेष महत्त्वाचा ठरतो. असे उपचार करणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, हेही मित्राला माहीत असावे.

पाकिटात आम्ही या सर्वांच्या प्रती, रक्तगट, चालू औषधे, विम्याचा क्रमांक आणि डॉक्टरांना दाखवण्यासाठी एक सही केलेले पत्र ठेवले आहे : "माझ्या प्रकृतीची माहिती खालील व्यक्तींना द्यावी." त्यात पहिले नाव जोडीदाराचे आणि दुसरे माझे. हे पत्र कायद्याने सर्व ठिकाणी बांधील ठरेलच असे नाही, पण बेशुद्ध रुग्णाची इच्छा दाखवणारा लेखी पुरावा डॉक्टरांच्या हाती असला की बोलणे सोपे जाते. एक प्रत त्यांच्या घरी आहे आणि एक माझ्या कपाटात आहे. त्यांच्या घरची प्रत कुठे ठेवली आहे हे मला माहीत आहे, कारण आई-वडील अचानक आले तर ती उचलण्याचे काम माझ्याकडे आहे.

दरवर्षी दिवाळीच्या आधी आम्ही ते पाकीट उघडतो. गेल्या वर्षी जोडीदाराचा मोबाइल क्रमांक बदलला होता, तो दोन्ही प्रतींवर खोडून नवा लिहिला. या वर्षी पत्रातील तिसरी रिकामी ओळ भरायची आहे, कारण मित्राने आता बहिणीला सांगितले आहे आणि तिने स्वतःहून आपले नाव त्यात लिहायला सांगितले आहे.